पोपडा बेडरूममध्ये, दोष बाथरूममध्ये

*पिंपरी-चिंचवडमध्ये सातव्या मजल्यावर टू बीएचके घेतलाय. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळालं आणि चार दिवसांपूर्वी बिल्डरचं पत्र आलं, की पंधरा दिवसांत शेवटचे ५ टक्के, म्हणजे ३ लाख ९० हजार भरा आणि ताबा घ्या. मी आणि नवऱ्याने दोन तास फिरून ८६ मुद्द्यांची यादी केली, ती सोबत जोडतेय. साइट इंजिनिअर म्हणतात, "ताबा घ्या, मागाहून सगळं करून देतो." पण पझेशन लेटरवर छापलंय, की फ्लॅट पाहिला, पूर्ण समाधान आहे, कोणतीही तक्रार नाही. सासरे म्हणतात, शेवटचा मुद्दा मिटल्याशिवाय किल्ली हातात घ्यायची नाही. २२ हजार भाडं आणि बँकेचा हप्ता दोन्ही चालू आहे. दसऱ्याला वास्तुशांत ठरलीय, २४ दिवस उरलेत. ताबा घ्यावा की अडून बसावं?*

तुमची यादी दोनदा वाचली. ८६ पैकी ४९ मुद्दे रंगाचे आहेत, आणि ते एकाच दिवशी मिटू शकतात किंवा वर्षभर रेंगाळले तरी तुमचं फार बिघडत नाही. पण तीन मुद्दे असे आहेत जे यादीत एकमेकांपासून लांब पडलेत, आणि माझ्या मते ते तीन नसून एकच आहेत. ११ क्रमांकाला तुम्ही लिहिलंय, "मास्टर बाथरूम, शॉवरखालच्या कोपऱ्यात पाणी साचतं." ३८ ला, "मास्टर बाथरूमच्या दाराच्या चौकटीचा पाय फुगलाय." आणि ५४ ला, "मास्टर बेडरूम, बाथरूमकडच्या भिंतीला स्कर्टिंगच्या वर रंगाला पोपडे."

ही यादी साइट ऑफिसात गेली की तिचं काय होतं ते आधी समजून घ्या. इंजिनिअर ती कामगारांप्रमाणे फोडतो. ११ टाइलवाल्याकडे, ३८ सुताराकडे, ५४ पेंटरकडे. टाइलवाला कोपऱ्यात पांढरं ग्राउट भरतो, सुतार चौकटीला लाकडाची पुट्टी लावून पॉलिश मारतो, पेंटर पोपडे खरवडून पुट्टी आणि दोन हात मारतो. तिघेही प्रामाणिकपणे आपापली ओळ मिटवतात. पुन्हा पाहायला जाल तेव्हा तिन्ही जागा स्वच्छ दिसतील, तुम्ही सही कराल, आणि दोन महिने आंघोळी झाल्या की त्याच भिंतीला त्याच उंचीवर पुन्हा पोपडे येतील. पाणी कुठून येतंय हे बघणं या तिघांपैकी कोणाचंच काम नव्हतं.

म्हणून "ताबा घ्यावा की नको" हा प्रश्न जरा बाजूला ठेवूया. त्याआधी यादीतलं कुठलं काम राहायला गेल्यावर तपासता येणार नाही किंवा फर्निचर लागल्यावर दुरुस्त करता येणार नाही, ते ठरवू. तुमच्या बाबतीत ते काम म्हणजे ही एक भिंत आहे.

अजून त्या घरात कोणी आंघोळ केलेली नाही, तरी बेडरूमची भिंत खालून ओली आहे. मग ओल आली कुठून? पोपडे स्कर्टिंगच्या वर वीतभर आहेत, छताजवळ नाहीत, म्हणजे आठव्या मजल्याच्या बाथरूमवर संशय घ्यायचं कारण नाही. उरतात तीन शक्यता. भिंतीत गाडलेल्या नळाच्या पाइपचा एखादा सांधा झिरपत असेल. कामगारांनी तिथे हत्यारं धुतली, टाइल कापली, ते पाणी फरशीखाली उतरलं असेल, आणि त्याचा अर्थ वॉटरप्रूफिंग ते अडवू शकलं नाही. किंवा बांधकामाच्या वेळचं पाणीच आत अडकलेलं असेल.

बाथरूमचा स्लॅब घराच्या बाकीच्या स्लॅबपेक्षा खाली उतरवलेला असतो, त्याला सगळे संक स्लॅब म्हणतात. त्या खोलगट भागात ड्रेनेजचे पाइप टाकतात, वर विटांचे तुकडे किंवा तसलंच हलकं भरण घालतात, मग कोबा आणि शेवटी टाइल. वॉटरप्रूफिंग खालच्या स्लॅबवर आणि शक्यतो भरणाच्या वरही करतात, आणि भिंत व जमीन जिथे मिळतात तिथे गोलाई देतात, तिला वाटा म्हणतात. गळती बहुधा सपाट भागातून होत नाही. ती फरशीतल्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपच्या गळ्याशी, पाइप भिंतीतून जातो त्या भोकाशी आणि वाट्याशी होते. तिथून पाणी भरणात शिरलं की ते एखाद्या टाकीसारखं साठून राहतं आणि आडवं सरकत शेजारच्या भिंतीच्या पायाशी पोचतं. प्लास्टर ते वर ओढून घेतं. पोपडा म्हणून बेडरूममध्ये दिसतो.

या तीन शक्यता वेगळ्या करायला यंत्र लागत नाही, नऊ दिवस लागतात. तुमच्या हातात पत्राच्या मुदतीतले अकरा आहेत, म्हणून उद्याच इंजिनिअरला ईमेल करा आणि ही तपासणी त्यांच्या प्लंबरकडून, तुमच्या समोर करून मागा. फ्लॅट अजून त्यांच्या ताब्यात आहे, त्यामुळे पाणी तुम्ही स्वतः भरू नका. काही झालं तर दोष तुमच्यावर यायला नको.

पहिल्या दिवशी पेंटरला पोपडे खरवडायला लावा आणि रंग लावू देऊ नका. प्लास्टर उघडं राहू द्या. ओल्या भागाची कड पेन्सिलने आखा, बाजूला तारीख लिहा, फोटो काढा. फ्लॅटला येणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून तीन दिवस बाथरूम कोरडं ठेवा. कड आत सरकत असेल, प्लास्टर फिकट होत असेल, तर व्हॉल्व्ह बंद असताना नवं पाणी येत नाहीये. मग व्हॉल्व्ह उघडा, पण एकही नळ वापरू नका, आणि दोन दिवस थांबा. एवढ्यात कड पुन्हा पसरली तर दोष भिंतीतल्या पाइपचा आहे. तेव्हा प्लंबरला हातपंप आणि प्रेशर गेज लावून लाइन तपासायला सांगा. सगळे नळ बंद असताना काटा खाली येता कामा नये.

पाइप निर्दोष निघाला तर सहाव्या दिवशी पाणी भरायचं. नहाणी ट्रॅपचं तोंड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या कापडाने घट्ट बंद करायचं. आधी फक्त जाळीच्या पातळीपर्यंत पाणी भरून तासभर थांबा. पातळी टिकली तर बूच पक्कं आहे. ही पायरी गाळली तर पुढे पाणी उतरल्यावर "बूच ढिलं असेल" असं उत्तर मिळतं आणि दोन दिवस फुकट जातात. मग बाथरूममध्ये साधारण २५ मिलिमीटर पाणी उभं करायचं, पण उंबरठ्याच्या खालीच. उंबरठा एवढा उंच नसेल तर दाराशी सिमेंटचा छोटा बांध घालून घ्या. भिंतीच्या टाइलवर पाण्याच्या रेषेला चिकटपट्टी लावा, फोटो काढा, दार बंद करा. पूर्ण ४८ तास ठेवा. २४ तासांवर बरेच जण समाधान मानतात, पण टाइल बसलेल्या बाथरूममध्ये पाणी भरणातून वाट काढायला वेळ घेतं, म्हणून दोन दिवस.

बंद बाथरूममध्ये दोन दिवसांत काही मिलिमीटर पाणी हवेत उडून जातं, थोडं ग्राउट पितं, त्याने घाबरू नका. त्याहून बरीच जास्त पातळी उतरली असेल तर ते पाणी कुठेतरी गेलंय. कुठे, हे सहाव्या मजल्यावर बघायचं. तुमच्या संक स्लॅबचा तळ त्यांच्या बाथरूमच्या वर असतो, फॉल्स सीलिंग असेल तर त्यातल्या तपासणीच्या झाकणातून बॅटरीने दिसतो. खालचा फ्लॅटही अजून बिल्डरकडेच असेल तर काम सोपं आहे, कुणी ताबा घेतला असेल तर आधी विनंती करून ठेवा. पाण्याचे थेंब दिसलेच पाहिजेत असं नाही. पाइपभोवती गडद कडं किंवा पांढरी पूड दिसली तरी पुरे. पाणी सोडल्यावर बेडरूमची भिंत आणखी दोन दिवस बघा, कारण आडवं सरकलेलं पाणी उशिरा दिसतं.

शिवाय टाइल बसवण्याआधी केलेल्या पाणी-चाचणीची नोंद त्यांच्याकडे आहे का, हे विचारा. नीट चालणाऱ्या साइटवर प्रत्येक बाथरूमची तारीख, पाण्याची उंची आणि सही असलेला कागद असतो. तो मिळाला तर प्रत मागा. नसेल तर "नाही" हे उत्तर ईमेलवर घ्या.

११ क्रमांकाचं साचणारं पाणी हा आणखी एक वेगळा धागा आहे, आणि तो चाचणी नापास झाली नाही तरी सोडू नका. बाथरूमच्या फरशीला ट्रॅपकडे साधारण शंभरास एक उतार लागतो, म्हणजे दोन मीटर लांबीला दोन सेंटिमीटर. एक बादली पाणी ओता, दहा मिनिटं थांबा, आणि डबकं उरलं त्यात एक रुपयाचं नाणं ठेवा. नाणं बुडलं तर उतार चुकलाय. ग्राउट भरून उतार सुधारत नाही, त्या भागातल्या टाइल काढून पुन्हा बसवाव्या लागतात. आणि टाइल काढायच्याच असतील, तर त्याच वेळी ट्रॅपचा गळा आणि वाटा उघडा करून वॉटरप्रूफिंग बघायला हवं. म्हणून ११, ३८ आणि ५४ एकाच ओळीत लिहा. तुमच्या यादीत मी करीन तो सर्वांत मोठा बदल हाच आहे.

ती ओळ अशी होईल: "मास्टर बाथरूम व लगतची बेडरूमची भिंत: शॉवरखाली पाणी साचते, चौकटीचा पाय फुगला आहे, भिंतीला स्कर्टिंगवर २० सेंमीपर्यंत ओल आहे. कारण शोधून दुरुस्ती करावी. दुरुस्तीनंतर ४८ तास पाणी उभे करून तपासणी, व भिंत कोरडी झाल्यावरच रंग." जागा, लक्षण, आणि काम झालं हे कशाने मानायचं. शेवटचा भाग बहुतेक याद्यांत नसतो. "रंग खराब" एवढंच लिहिलं तर रंग मारला की ओळ मिटली, आणि त्यात बिल्डरचंही काही चुकलं असं म्हणता येत नाही.

हॉलच्या पश्चिमेकडच्या खिडकीखाली रंग फुगलाय, हा ४३ वा मुद्दा त्याच नजरेने वाचा. आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, आणि तुम्ही पाहणी केली ती पावसाळ्याच्या शेवटी, तेव्हा ही खूण खरी आहे. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये बाहेरच्या बाजूला पाणी जायला बारीक भोकं असतात. ती सिमेंटने किंवा धुळीने बुजलेली असली की ट्रॅक भरतो आणि पाणी आत सांडतं. ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि ते बाहेर पडतं का बघा. पडत असेल तर फ्रेम आणि भिंतीच्या मधला बाहेरचा सिलिकॉनचा सांधा तपासायचा. त्यासाठी बाहेरून पाइपने आधी खालच्या सांध्यावर, मग बाजूंना, शेवटी वर, असं पाच-पाच मिनिटं पाणी मारायचं आणि आत कोरडा टिश्यू पेपर धरून बसायचं. खालून वर जायचं, कारण वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. सातव्या मजल्यावर बाहेरून हे काम त्यांच्या झुल्यावरच्या माणसानेच करायचं. झुला अजून इमारतीवर आहे तोवर करून घ्या, उतरवल्यावर एका खिडकीसाठी तो पुन्हा लावत नाहीत.

विजेचं तुमच्या यादीत फक्त "दोन स्विच ढिले" एवढंच आहे. मेन बोर्डवर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच असतो, त्यावर टेस्टचं बटन असतं. वीज चालू असताना ते दाबा, खटकन पडलाच पाहिजे. मग तीन दिव्यांचा साधा सॉकेट टेस्टर हार्डवेअरच्या दुकानातून आणा आणि प्रत्येक प्लगमध्ये लावून बघा. अर्थिंग नसलेला किंवा फेज-न्यूट्रल उलटा झालेला सॉकेट लगेच कळतो. गीझर, वॉशिंग मशीन आणि एसीचे पॉइंट आवर्जून तपासा.

पोकळ टाइल तुम्ही मास्टर बेडरूममध्ये तीन लिहिल्यात. एक कोपरा पोकळ वाजत असेल तर मी सोडून देईन. निम्म्याहून जास्त टाइल पोकळ वाजते तिथे खाली मसाला पूर्ण पसरलेला नसतो, ढेकळं ठेवून टाइल दाबलेली असते, आणि पलंगाचा पाय नेमका त्यावर आला की ती तडकते. त्या बदलून घ्या, आणि हॉल-बेडरूम व बाथरूमच्या प्रत्येक प्रकारच्या काही टाइल जादा मागून ठेवा. त्याच बॅचचा रंग वर्षभराने बाजारात मिळत नाही.

रंगाचे ४९ मुद्दे वेगळ्या कागदावर काढा. तुम्ही वॉर्डरोब आणि किचनचं काम करून घेणार असाल तर शेवटचा हात सुतारकाम झाल्यावर देण्याचं लेखी मान्य करून घ्या. नाहीतर आत्ताचा ताजा रंग सुतार ओरबाडेल, आणि ओरखडा कुणाचा यावर वाद होईल. ठिगळासारखे हात मारू देऊ नका, भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एका वेळी रंगवली तरच डाग दिसत नाही.

आता ताब्याकडे वळू. सासऱ्यांची भीती खोटी नाही. कायद्याने तुमचा हक्क ताबा घेतल्यावर संपत नाही. रेरा कायद्याचं कलम १४(३) सांगतं, की ताब्याच्या तारखेपासून पाच वर्षांत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सेवांमधला दोष तुम्ही लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा, न केल्यास भरपाई द्यायची. पण साइटवर घडतं ते असं, की इमारत संपली की टाइलवाल्याची टोळी दुसऱ्या साइटवर जाते आणि तुमची एक खोली करायला परत येण्यात त्याला रस नसतो. कंत्राटदाराच्या बिलातली काही टक्के रक्कम बिल्डरने राखून ठेवलेली असते, ती सुटेपर्यंत तो ऐकतो. म्हणून इंजिनिअरला थेट विचारा, की टाइल, प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंगचे लोक साइटवर कधीपर्यंत आहेत. त्यांची कामं त्या तारखेच्या आत, बाकीची नंतर.

पण शेवटच्या मुद्द्यापर्यंत अडून बसणं तुम्हाला परवडणार नाही. ओसी मिळाल्यावर दोन महिन्यांत ताबा घेणं हे कलम १९(१०) प्रमाणे खरेदीदाराचंही कर्तव्य आहे. महाराष्ट्राच्या नमुना करारात बिल्डरच्या लेखी सूचनेनंतर १५ दिवसांची मुदत असते, आणि त्यानंतर तुम्ही राहा न राहा, मेंटेनन्स सुरू होतो. शेवटचे ५ टक्के त्याच नमुन्यात ओसीनंतर ताबा देताना देय आहेत. ते रोखले तर तुमच्यावर व्याज लागू शकतं. दाराच्या पॉलिशसाठी २२ हजार भाडं आणि वर मेंटेनन्स भरत बसण्यात हशील नाही.

अडून बसण्यासारखी कारणं मोजकी आहेत. ओसीत तुमची विंग आणि सातवा मजला आहे का, हे शब्दशः वाचा. अनेकदा ती अर्धीच, काही मजल्यांपुरती असते. तुमचा मजला त्यात नसेल तर विषय तिथेच संपला, कारण भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा देऊ नये आणि घेऊही नये. पाणी किंवा वीज जोडलेली नसेल तरी थांबा. आणि तिसरं कारण, पाण्याची चाचणी नापास झाली आणि बाथरूमची फरशी फोडायची वेळ आली. अशा वेळी ताबा नाकारत नाही, पण बाथरूम वापरण्याजोगं नसल्याने ताब्याची आणि मेंटेनन्सची तारीख दुरुस्तीनंतरची धरावी, असं ईमेलने मागा. चाचणीचे फोटो सोबत असले तर हे मागणं रास्त ठरतं, आणि बरेच बिल्डर ते मान्य करतात, कारण त्यांनाही खालच्या फ्लॅटची तक्रार नको असते.

किल्लीपेक्षा मोठी गोष्ट ती छापील ओळ आहे. "पूर्ण समाधान, कोणतीही तक्रार नाही" यावर तशीच सही करू नका. सहीने पाच वर्षांचा हक्क जात नाही, पण उद्या चौकटीचा फुगलेला पाय तुमच्या फर्निचरवाल्याने केला असं कोणी म्हटलं, तर तो आधीपासून होता हे दाखवणारा कागद तुमच्याकडे नसेल. ती ओळ खोडून तिथे आद्याक्षरं करा आणि हाताने लिहा:

"फ्लॅटचा ताबा आज दि. ____ रोजी, सोबत जोडलेल्या ____ पानांच्या संयुक्त पाहणी यादीतील अपूर्ण व सदोष कामांची नोंद ठेवून घेत आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) खालील माझे सर्व हक्क राखून ठेवले आहेत."

पत्र इंग्रजीत असलं तरी हे मराठीत लिहायला हरकत नाही. यादीच्या प्रत्येक पानावर तुमची आणि इंजिनिअरची सही घ्या. ते खोडू देत नसतील तर वाद घालू नका, हाच मजकूर यादी आणि फोटोंसह त्याच दिवशी, पैसे भरण्याआधी, करारात दिलेल्या ईमेल पत्त्यावर पाठवा आणि सहीच्या बाजूला "दि. ____ च्या ईमेलसह वाचावे" एवढं लिहा. दुरुस्तीचे ३० दिवस मोजायचे तर लेखी सूचनेची तारीख लागते, आणि ती या ईमेलमुळे पक्की होते. ते उलटले तर स्पीड पोस्टाने एक स्मरणपत्र पाठवा. मग महारेराच्या वेबसाइटवर तक्रार करता येते, आणि त्याआधी त्यांच्या सलोखा मंचात समोरासमोर बसूनही बरेचसे असे वाद मिटतात.

तुमचा करार काढून दोषदायित्वाचं कलमही वाचा. पुष्कळ करारांत लिहिलेलं असतं, की बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय बाथरूम, टॉयलेट किंवा किचनच्या पाइपांत आणि फरशीत बदल केला तर गळतीची जबाबदारी त्यांची राहणार नाही. इंटिरिअरवाले पहिल्याच आठवड्यात शॉवरची जागा हलवायला भिंत फोडतात. मास्टर बाथरूमची चाचणी पास झाल्याचा कागद हातात येईपर्यंत तिथे एक खिळाही ठोकू देऊ नका.

आता दसरा. नऊ दिवस चाचणीचे. नापास झाली तर फरशी काढणं, ट्रॅपभोवती आणि वाट्याला वॉटरप्रूफिंग, ते वाळणं, पुन्हा ४८ तास पाणी, मग टाइल, याला आणखी बारा ते पंधरा दिवस धरा. बेरीज तुमच्या २४ दिवसांना टेकते, म्हणून त्यावर विसंबू नका आणि दसऱ्यासाठी कोणालाही घाई करायला लावू नका. घाईत पहिली कात्री वाळण्याच्या दिवसांनाच लागते. वास्तुशांतीला मास्टर बाथरूम लागत नाही. पूजा हॉलमध्ये करा, पाहुण्यांना दुसरं बाथरूम वापरू द्या, आणि मास्टर बेडरूमची भिंत तशीच उघडी राहू दे. कोणी विचारलं तर सांगा, की वाळतेय. ताबा तोवर झालेला नसेल तर एका दिवसापुरती पूजेची परवानगी लेखी मागा, बिल्डर सहसा नाही म्हणत नाहीत. होमकुंडाखाली विटांचे दोन थर आणि मध्ये वाळू जरूर घाला. नव्या टाइल धगीने तडकतात आणि ती तडक यादीत घालता येत नाही.

किल्ल्या घेताना मुख्य दाराच्या कुलपाचं सीलबंद पाकीट तुमच्या समोर फोडायला सांगा. सोबत फ्लॅटमधल्या पाइप आणि वायरिंगचा नकाशा मागा. प्लास्टरच्या आधी काढलेले भिंतींचे फोटो बऱ्याच साइट इंजिनिअरच्या मोबाइलमध्ये असतात, तेही मागून बघा. गीझरसाठी भिंतीला भोक पाडताना कुठे पाडायचं नाही, हे त्या फोटोंवरून कळेल.